तीन ऑफर हातात आहेत: पगार बाजूला ठेवून बॉस आणि शिकणं कसं जोखायचं?

तुळई

मी स्ट्रक्चरल डिझाइनमध्ये आहे. पाच वर्षं एकाच ऑफिसात काढली. चार-पाच मजली इमारतींचे बीम, कॉलम, स्लॅब एवढंच केलं. पहिली दोन वर्षं रोज काहीतरी नवीन होतं, पण गेलं दीड वर्ष मी जुन्याच फाइलीत मापं बदलून नवीन ड्रॉइंग काढते आहे. म्हणून बाहेर बघायला लागले आणि तीन ठिकाणी होकार मिळाला. आठवड्याभरात कळवायचं आहे. माझा आजचा पगार १०० धरा, म्हणजे तुलना सोपी होईल.

पहिली ऑफर मोठ्या सल्लागार कंपनीची, पगार १४०. साठ डिझायनर, उंच इमारती. माझा बॉस कोण असेल हे विचारलं तर "रुजू झाल्यावर टीम ठरेल" म्हणाले.

दुसरी बारा जणांच्या ऑफिसची, पगार ११०. मालक स्वतः डिझायनर आहेत आणि प्रत्येक ड्रॉइंग त्यांच्या नजरेखालून जातं. सॉइल रिपोर्टपासून साइटवर सळया तपासण्यापर्यंत सगळं काम एकाच माणसाकडे असतं.

तिसरी बांधकाम करणाऱ्या कंपनीच्या डिझाइन विभागाची, पगार १३० आणि हुद्दा "वरिष्ठ". काम मुख्यतः सेंट्रिंग, आधार, तात्पुरते सांगाडे यांचं. बॉस नियोजनातले आहेत, डिझाइनमधले नाहीत.

घरचे म्हणतात १४० सोडू नकोस. मला दुसरी ओढते आहे, पण ती ओढ मुलाखतीत मालक छान बोलले म्हणून आहे की खरंच तिथे शिकायला मिळेल म्हणून, हे मला सांगता येत नाही. बॉस चांगला आहे हे आधी ओळखायचं कसं?

सरळरेषा

डोळे मिटून दुसरी घ्या. पाच वर्षं अनुभव म्हणजे अजून शिकण्याचं वय आहे. शिकलात की पैसा मागून येतोच. सुरुवातीला तीस कमी असले तरी दोन-तीन वर्षांत तुम्ही पहिल्या ऑफरच्या पुढे असाल. माणूस नोकरी नाही, बॉस सोडतो, हे तर सगळ्यांना माहीत आहे.

जमाखर्च

सरळरेषा, दोन-तीन वर्षांत पुढे कसे जातील ते मांडून बघू.

तुळई, त्याआधी एक प्रश्न. १४० मधले ठरलेले किती आणि कामगिरीवर अवलंबून किती? तिसऱ्या ऑफरमधल्या १३० मध्ये साइट भत्ता धरला आहे का? हे वेगळं केल्याशिवाय तीन आकडे शेजारी लिहू नका.

तुळई

जमाखर्च, पत्र पुन्हा वाचलं. १४० मधले १२० ठरलेले, २० वार्षिक कामगिरीचे. ते गेल्या वर्षी प्रत्यक्षात किती मिळाले हे एचआरला विचारलं, तर "साधारण निम्मे" असं उत्तर आलं. म्हणजे १३० धरायला हवेत. तिसरीतले १५ साइट भत्त्याचे आहेत, ऑफिसात बसले तर मिळणार नाहीत. दुसरीतले ११० पूर्ण ठरलेले आहेत.

जमाखर्च

मग तुलना १३० विरुद्ध ११० अशी आहे. आता सरळरेषांच्या बाजूने शक्य तेवढं उदार होऊ. मोठ्या कंपनीत दरवर्षी ६ टक्के वाढ आणि छोट्या ऑफिसात शिकल्यामुळे १२ टक्के, असं धरू. चौथ्या वर्षी दोन्ही पगार १५५ च्या आसपास बरोबरीत येतात. पाचव्या वर्षापासून छोटं ऑफिस पुढे. पण सुरुवातीच्या वर्षांत जे कमी मिळालं ते भरून निघून एकूण कमाई पुढे जायला सातवं वर्ष उजाडतं. शिवाय बारा जणांचं ऑफिस सलग सात वर्षं १२ टक्के वाढ देईल हे मला तरी पटत नाही.

म्हणजे शिकण्याचा मोबदला त्याच ऑफिसात मिळेल या आशेवर निर्णय घेऊ नका. तो मिळालाच तर पुढच्या नोकरीत मिळतो, आणि तिथेही नवीन कंपनी तुमचा आधीचा पगार विचारून त्यावर टक्के चढवत असेल तर कमी पगाराची सावली तुमच्यासोबत जाते. मी दुसरी घेऊ नका म्हणत नाही. पण ती घेतलीत तर हे पैसे सोडताय हे माहीत असू द्या, "मागून येतीलच" म्हणून नको.

तुमची किमान गरज किती आहे? हप्ते, घरची जबाबदारी, थोडी शिल्लक. तो आकडा आधी लिहा. त्याच्या खाली असलेली ऑफर कितीही शिकवणारी असली तरी यादीतून काढायची.

तुळई

किमान १०५. म्हणजे तिन्ही वर आहेत, दुसरी अगदी कड्यावर.

वाटसरू

तुमचा आत्ताचा बॉस त्रास देतो का? माझाही देत होता. मी राजीनामा दिला तर त्याने लगेच पगार वाढवून दिला आणि मी थांबलो. आठ महिन्यांत सगळं पूर्ववत झालं, वर नवीन ऑफरही गेली. तेव्हा थांबायला सांगितलं तर थांबू नका एवढंच सांगतो.

तुळई

वाटसरू, माझे आत्ताचे बॉस चांगले आहेत. कामच तेच तेच झालं आहे. पण तुमचा अनुभव लक्षात ठेवते, कारण राजीनाम्यानंतर तेही थांबायला सांगतील असं वाटतं.

ओळंबा

मी याच क्षेत्रात तीस वर्षं आहे. त्यातली बरीचशी दुसऱ्यांची ड्रॉइंग तपासण्यात गेली. म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

आपल्या कामात माणूस नवीन प्रकल्प मिळाल्याने शिकतो हा समज अर्धवट आहे. तो शिकतो त्याचं काम कुणीतरी तपासून परत पाठवतं तेव्हा. चाळीस मजली इमारतीवर काम करूनही तुम्ही दोन वर्षं एकाच मजल्याचं सळयांचं वेळापत्रक काढत बसू शकता. उलट साध्या गोदामाच्या पायावरही भरपूर शिकाल, जर कुणी विचारलं की हा भार इथून खाली जातो कसा ते मला बोटाने दाखव. तेव्हा प्रत्येक ऑफरला पहिला प्रश्न हा लावा: माझं काम कोण तपासणार, किती दिवसांनी, आणि चूक सापडली की पुढे काय होणार?

तपासणारे तीन प्रकारचे असतात. एक सही करून पुढे ढकलतो. दुसरा चूक दिसली की रात्री बसून स्वतः दुरुस्त करतो. ड्रॉइंग अचूक जातं, तुम्हाला मात्र आपलं काय चुकलं हे कधी कळतच नाही. बाहेरून हा फार चांगला बॉस वाटतो, कारण मेहनती असतो आणि ओरडत नाही. तिसरा लाल पेनाने खूण करून परत देतो आणि का ते सांगतो. मुलाखतीत तिघेही "मी प्रत्येक ड्रॉइंग स्वतः बघतो" असंच म्हणतील आणि तिघांचंही ते खरं असेल.

म्हणून मत विचारू नका, घडलेली गोष्ट विचारा. "तुम्ही नवीन लोकांना शिकवता का?" याला कुणी नाही म्हणत नाही. त्याऐवजी असं विचारा: "अलीकडे एखाद्या कनिष्ठ डिझायनरची कुठली चूक सापडली आणि मग तुम्ही काय केलं?" खरंच शिकवणाऱ्याला लगेच आठवतं. तो कागद ओढून रेखाटन काढायला लागतो. न शिकवणारा सर्वसाधारण बोलतो, किंवा त्या पोराच्या नावाने बोटं मोडतो. त्या दोन मिनिटांत तुम्हाला पुष्कळ कळेल. जमलं तर तपासलेलं एखादं जुनं ड्रॉइंग दाखवायची विनंती करा. ग्राहकाचं नाव झाकून दाखवायला हरकत नसते. लाल खुणांशेजारी नुसते आकडे आहेत की कारणंही आहेत ते बघा.

दुसरी गोष्ट, बॉसला तुमचं काम स्वतः करता येतं का? तिसऱ्या ऑफरमधली माझी मुख्य शंका हीच आहे. नियोजनातला माणूस वाईट बॉस असेल असं नाही, पण सेंट्रिंगच्या आधाराची आकडेमोड चुकली तर ती धरणार कोण? तात्पुरत्या कामांत पडझड होते तेव्हा माणसं खाली उभी असतात. तिथे बाहेरचा स्वतंत्र तपासनीस आहे का हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. आणि "वरिष्ठ" हुद्द्याचा अर्थ तुमच्या सहीनंतर कुणीच बघत नाही असा असेल, तर पाच वर्षांच्या अनुभवावर, त्यातही तात्पुरत्या कामांचा अनुभव नसताना, तो हुद्दा घेऊ नका.

सरळरेषा

ओळंबा, म्हणजे बॉस महत्त्वाचा हे तुम्हीही मान्य करताच ना?

ओळंबा

करतो, पण तुमच्या वाक्याने नाही. माणसं कामाच्या कंटाळ्यानेही नोकरी सोडतात, पगारानेही, घर लांब असल्यानेही. तुळईच बघा, बॉस चांगला असून निघाल्या आहेत.

याहून भक्कम आधार आहे. लेझिअर, शॉ आणि स्टँटन या अर्थशास्त्रज्ञांचा २०१५ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास आहे. तंत्रज्ञानावर चालणाऱ्या सेवेतल्या कामगारांच्या कामाची नोंद एका मोठ्या कंपनीकडून घेऊन त्यांनी बॉस बदलल्यावर काय फरक पडतो ते मोजलं. तळाच्या दहा टक्क्यांतला बॉस काढून वरच्या दहा टक्क्यांतला आणला, तर नऊ जणांच्या टीममध्ये आणखी एक माणूस घेतल्याहून जास्त काम वाढतं, असं निघालं. मला त्यातलं महत्त्वाचं वाटलं ते पुढचं. चांगल्या बॉसचा परिणाम मुख्यतः शिकवण्यातून येतो आणि शिकवलेलं माणसासोबत राहतं. अर्थात ते काम आपल्यासारखं नव्हतं, तिथे कामाची मोजणी सोपी होती. तेव्हा आकडा जसाच्या तसा आपल्याकडे लावू नका, दिशा घ्या.

निरभ्र

मी परिचारिका आहे, क्षेत्र वेगळं, पण "घडलेली गोष्ट विचारा" यावर लिहावंसं वाटलं.

मी जास्त पगाराच्या रुग्णालयात गेले तेव्हा सहा आठवडे अनुभवी परिचारिकेच्या सोबतीने काम करायला मिळेल असं सांगितलं होतं. दुसऱ्या आठवड्यात रात्रपाळीला माणूस कमी पडलं आणि मला एकटीला वॉर्ड दिला. ती रात्र मी विसरू शकत नाही. एका रुग्णाचं सलाइन संपत आलेलं, दुसऱ्याचा रक्तदाब उतरतोय आणि विचारायला कुणी नाही. काही वाईट झालं नाही, पण होऊ शकलं असतं.

नंतर कळलं की माझ्या आधीच्या तिघींनाही दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातच एकटं सोडलं होतं. मी "किती आठवडे सोबत देता?" असं विचारलं होतं. "सगळ्यात शेवटी रुजू झालेली परिचारिका कितव्या आठवड्यात एकटी उभी राहिली, आणि मी तिच्याशी बोलू शकते का?" असं विचारायला हवं होतं. पुढच्या नोकरीच्या वेळी तसं विचारलं. तिथल्या मेट्रननी लगेच त्या मुलीला बोलावून घेतलं. पगार थोडा कमी होता, तरी तिथे गेले आणि अजून तिथेच आहे.

ओळंबा

निरभ्र, अगदी हेच. नियम काय आहे ते कागदावर असतं. काय होतं ते शेवटच्या माणसाला माहीत असतं.

तुळई, शेवटचा आलेला माणूस आणि सोडून गेलेला माणूस, दोघांशी बोला. दुसरा जास्त महत्त्वाचा. आत असलेला माणूस जपून बोलतो. सोडून गेलेल्याला "कशी कंपनी आहे?" विचारू नका, तो एकतर शिव्या देईल किंवा औपचारिक बोलेल. "तिथे शिकलेलं कुठलं काम आज वापरता?" आणि "कितव्या वर्षी सोडलं, तेव्हा कुठलं काम मागूनही मिळत नव्हतं?" हे दोन विचारा. एकावर विसंबू नका, दोघे-तिघे गाठा.

तुळई

चार दिवसांनी लिहिते आहे. सगळ्यांच्या सांगण्याप्रमाणे फिरले.

तिसऱ्या कंपनीतल्या साहेबांनी सरळ सांगितलं की आकडेमोड त्यांना तपासता येत नाही. मोठी कामं बाहेरच्या सल्लागाराकडे जातात, छोटी "वरिष्ठ" बघतात. म्हणजे मीच. प्रामाणिक माणूस वाटला, पण मी तिथे नाही जाणार.

पहिल्या कंपनीत टीम कुठली ते पुन्हा विचारलं. बराच वेळ लावून एका टीमलीडशी फोन जोडून दिला. त्या बाईंना मी कनिष्ठाच्या चुकीबद्दलचा तो प्रश्न विचारला. त्यांनी लगेच एका उंच इमारतीतल्या स्लॅबची गोष्ट सांगितली: कॉलमभोवती स्लॅब पंच होऊ नये, म्हणजे कॉलम स्लॅब फोडून वर येऊ नये, म्हणून जाडी तपासली होती, पण शेजारीच पाइपांसाठी ठेवलेलं भोक आकडेमोडीत घेतलंच नव्हतं. त्यांनी ते दुरुस्त केलं नाही. त्या मुलाला प्लंबिंगचं ड्रॉइंग देऊन "दोन्ही एकावर एक ठेवून बघ" एवढंच सांगितलं. मला ऐकूनच शिकल्यासारखं वाटलं. पण मी त्यांच्याच टीममध्ये जाईन का? "प्रयत्न करू, लेखी देता येणार नाही." तिथून सोडून गेलेल्या एकाने सांगितलं की दोन वर्षांत त्याच्या तीन टीम बदलल्या, आणि तिसऱ्यात तो फक्त जिने आणि पाण्याच्या टाक्या करत होता.

आता दुसरं ऑफिस. मालकांना तोच प्रश्न विचारला. त्यांनी कपाटातून ड्रॉइंग काढलं. बीम आणि कॉलमच्या जोडावर कागदावर सळया बसत होत्या, पण प्रत्यक्षात इतकी दाटी की काँक्रीट आतच शिरलं नसतं आणि ते हलवून घट्ट बसवणारा व्हायब्रेटरही आत गेला नसता. शेजारी लाल शाईत लिहिलं होतं, "व्हायब्रेटरची सुई कुठून घालणार ते दाखव." ड्रॉइंग काढणाऱ्या मुलीला त्यांनी दोन दिवस साइटवर सळया बांधणाऱ्यांसोबत उभं केलं. ती मुलगी ऑफिसात होती, मी तिच्याशी बोलले. ती म्हणाली तेव्हापासून ती जोडाचं मोठं रेखाटन आधी काढते आणि मग सळया ठरवते.

मी तिथेच हो म्हणणार होते. पण सोडून गेलेल्या दोघांशी बोलले. दोघेही कौतुकाने बोलले. दोघांनीही चौथ्या वर्षी सोडलं, कारणही एकच. ग्राहकाच्या बैठकीला मालक एकटेच जातात, आर्किटेक्टशी तेच बोलतात, कुठलंही काम पूर्णपणे दुसऱ्याच्या हाती देत नाहीत. तीन वर्षं भरभरून शिकवतात आणि मग दार बंद.

म्हणजे शिकणं आहे, वाढ नाही. मी या दोन्ही गोष्टी एकच समजत होते.

जमाखर्च

हे फार उपयोगी निघालं. मग दुसरी नोकरी तीन वर्षांची समजून हिशेब करा. तीन वर्षांत पहिलीपेक्षा किती कमी मिळतील? १३० आणि ११० मधला फरक, दोन्हीकडे सारखीच ६ टक्के वाढ धरून, तीन वर्षांत मिळून साधारण ६४. म्हणजे आजच्या पगाराने जवळजवळ आठ महिन्यांची कमाई. आठ महिन्यांचा पगार फी म्हणून भरून तुम्ही हे शिकायला जाल का, असं स्वतःला विचारा. माझं उत्तर "नाही" असतं. मी पहिली घेतली असती आणि टीमचं नशीब बघितलं असतं.

ओळंबा

माझं उत्तर "हो" असतं, पण मी ते तीस वर्षांच्या टोकावरून बोलतोय आणि माझ्यावर तेव्हा हप्ते नव्हते. तेव्हा माझं मत त्या प्रमाणात घ्या.

एक सुचवतो. मालकांकडे पगार वाढवून मागण्याआधी काम मागा. "सहाव्या महिन्यापासून माझ्या प्रकल्पाच्या आर्किटेक्टच्या बैठकीला मी तुमच्यासोबत येईन, आणि दीड वर्षानंतर एका छोट्या इमारतीचा पाया ते शेवटचं ड्रॉइंग मी सांभाळेन, तपासणी तुमची." ते काय म्हणतात त्यापेक्षा कसं म्हणतात ते बघा. लगेच "हो हो, नक्की" आलं तर मला काळजी वाटेल. आजवर कुणालाच जे दिलं नाही ते इतक्या सहज कुणी देत नाही.

आणि एक धोका तुम्ही कुणीच मांडला नाही. त्या ऑफिसात सगळं एका माणसावर उभं आहे. ते आजारी पडले तर तुमचं शिकणंही थांबतं. मोठ्या कंपनीत बॉस गेला तर दुसरा येतो, बरा-वाईट कसाही.

सरळरेषा

पण हेच पहिल्या कंपनीतही लागू आहे ना? ती टीमलीड उद्या सोडून गेली तर? बॉस बघून नोकरी घ्यायची तर हा धोका दोन्हीकडे आहे.

ओळंबा

आहे. म्हणून बॉस गेल्यावर मागे काय उरतं ते बघायचं. तपासणीची पद्धत लिहिलेली आहे का, जुनी आकडेमोड कुणालाही उघडून वाचता येते का, की सगळं एकाच्या डोक्यात आहे. या बाबतीत तुमचा मुद्दा बरोबर आहे आणि मोठी कंपनी इथे सहसा उजवी असते.

तुळई

आज मालकांशी पुन्हा बोलले. ओळंबांनी सांगितलं तसंच मागितलं. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "पूर्ण प्रकल्प मी आजवर कुणाला दिला नाही. दोन चांगली माणसं त्यामुळेच गेली, मला ठाऊक आहे. बैठकीला सहाव्या महिन्यापासून ये, ते मी लिहून देतो. छोट्या इमारतीचं अठराव्या महिन्यात बोलू, आज शब्द देत नाही." आणि पगार ११५ केला, मी न मागता.

आधी वाईट वाटलं. घरी येताना विचार केला की बैठकीचं त्यांनी लेखी दिलं आणि जे द्यायची खात्री नव्हती ते देतो म्हणाले नाहीत. पहिल्या कंपनीने मात्र टीमबद्दल एक ओळही लिहून दिली नाही.

मी दुसरी घेते आहे. अठराव्या महिन्याची तारीख वहीत लिहून ठेवली आहे. त्या दिवशी छोटी इमारत मिळाली नाही तर त्याच आठवड्यात बाहेर बघायला सुरुवात करायची. जमाखर्च, तुमचा आठ महिन्यांचा आकडा त्याच पानावर लिहिला आहे. आता ११५ झाले, तेव्हा तो जरा कमी झाला असेल.

जमाखर्च

४८ झाला, म्हणजे पावणेसहा महिने. माझं मत अजून पहिलीकडेच आहे, पण तुम्ही बघून-सवरून घेताय. अठराव्या महिन्यात इथे येऊन लिहा, काय झालं ते वाचायचं आहे.

निरभ्र

मला एक विचारायचं राहिलं. आमच्याकडे पाळीनुसार बॉस बदलतो. एकाच महिन्यात तीन-तीन इन्चार्ज. मग कुणाला बघून ठरवायचं?

ओळंबा

पहिल्या दोन महिन्यांत तुम्ही कुणाच्या पाळीत असाल ते आधी ठरवून घ्या आणि तिच्याशी बोला, एवढंच मला सुचतं. तुमच्या क्षेत्रातल्या कुणी याचं नीट उत्तर दिलं तर मलाही वाचायला आवडेल.

तुळई, पहिल्या दिवशी त्या मुलीकडून व्हायब्रेटरच्या सुईचं ड्रॉइंग मागून घ्या आणि तिने जोड पुन्हा कसा काढला ते बघा. दोन्ही प्रती शेजारी ठेवून.